एका वर्गातली पंचवीस मुलं म्हणजे पंचवीस वेगळे पुरावे नव्हेत : रँडम इंटरसेप्टची ओळख



"अमुक पद्धतीने शिकवलं की मुलांचे गुण वाढतात, संशोधनाने सिद्ध झालंय!" असं वाक्य आपण प्रशिक्षणात ऐकतो, वर्तमानपत्रात वाचतो. त्याखाली आकडा असतो, एक हजार मुलं तपासली, फरक लक्षणीय आला. आकडा मोठा दिसला की आपण मान डोलावतो. पण ही हजार मुलं किती वर्गांतली होती, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. आजच्या पाठात हाच प्रश्न घेऊ. त्याचं उत्तर देणारी जी पद्धत आहे तिला बहुस्तरीय रिग्रेशन म्हणतात, आणि तिचं सगळ्यात साधं रूप म्हणजे रँडम इंटरसेप्ट. नाव जड आहे, पण कल्पना कुठल्याही वर्गशिक्षकाला आधीपासून माहीत असलेलीच आहे.

१९७६ चं एक गाजलेलं संशोधन

इंग्लंडमध्ये लँकेस्टर विद्यापीठातल्या नेव्हिल बेनेट यांनी १९७६ साली शिकवण्याच्या शैलींवर एक पुस्तक प्रसिद्ध केलं. प्राथमिक शाळेतल्या शिक्षकांचे त्यांनी शैलीप्रमाणे गट केले. काही शिक्षक औपचारिक पद्धतीने शिकवणारे, म्हणजे मुलं रांगेत बसलेली, विषय वेगवेगळे, वेळापत्रक पक्कं, नियमित चाचण्या. काही अनौपचारिक, म्हणजे गटात काम, मुलांना निवडीची मोकळीक. आणि काही मधले, मिश्र. त्यांतून ३७ शिक्षक निवडून त्यांच्या वर्गांतल्या साधारण ९५० मुलांची वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी चाचणी घेतली. निष्कर्ष असा आला, की औपचारिक पद्धतीने शिकलेल्या मुलांची प्रगती जास्त झाली, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या भाषेत लक्षणीय आहे.

त्या काळात इंग्लंडमध्ये मोकळ्या शिक्षणपद्धतीवर जोरदार वाद चालू होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पंतप्रधान जेम्स कॅलहन यांनी ऑक्सफर्डच्या रस्किन कॉलेजात शिक्षणावर भाषण केलं, तेही याच वातावरणात. त्यामुळे बेनेट यांचं पुस्तक संशोधकांपुरतं राहिलं नाही, वर्तमानपत्रांतही त्याची भरपूर चर्चा झाली.

पाच वर्षांनी, १९८१ साली, त्याच विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ मरे एटकिन आणि त्यांचे सहकारी यांनी तीच माहिती पुन्हा तपासली. शैलींचे गट पाडण्याची रीत त्यांनी सुधारली, आणि मुख्य म्हणजे मुलं वर्गावर्गांत विभागलेली आहेत ही गोष्ट हिशोबात धरली. तेव्हा आधीचा लक्षणीय फरक टिकला नाही. औपचारिक शैलीची मुलं इतरांपेक्षा पुढे गेली असं या माहितीवरून म्हणता येईना. विशेष म्हणजे फेरतपासणीच्या एका लेखात बेनेट स्वतः सहलेखक होते.

मुलं तीच, चाचण्या त्याच. मग एवढा फरक कशाने पडला?

एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी का असतात?

बेनेट यांच्या पहिल्या विश्लेषणात प्रत्येक मूल हे स्वतंत्र एकक धरलं होतं. साध्या रिग्रेशनची ही अटच असते: एका मुलाच्या गुणांतला जो भाग आपल्याला समजावून सांगता आला नाही, त्याचा दुसऱ्या मुलाच्या तशा भागाशी काही संबंध नसावा.

आता तुमचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. एकच बाई वर्षभर शिकवतात. बाई अपूर्णांक छान शिकवत असतील तर त्याचा फायदा सगळ्या वर्गाला होतो. बाई दोन महिने रजेवर असतील तर नुकसानही सगळ्यांचंच होतं. वर्ग रस्त्याला लागून असेल तर गोंगाट सगळ्यांनाच ऐकू येतो. शिवाय मुलं साधारण एकाच वस्तीतून आलेली असतात. म्हणजे प्रत्येक मुलाच्या गुणांत एक वाटा असा असतो, जो वर्गातल्या सगळ्यांना सारखाच मिळालेला असतो.

म्हणून पहिल्या मुलाचे गुण पाहिले की वर्गाबद्दल बरंच कळतं, दुसऱ्याचे पाहिले की आणखी थोडं कळतं, पण पंचविसाव्या मुलापर्यंत पोहोचताना नवीन कळण्यासारखं फारसं उरत नाही. एकाच भातातली पंचवीस शितं चाचपण्यासारखं आहे हे. त्यावरून तो भात शिजला की नाही ते पक्कं कळेल, पण त्या जातीचा तांदूळ किती वेळात शिजतो हे कळायला वेगवेगळ्या पातेल्यांतला भात बघावा लागेल.

रँडम इंटरसेप्ट म्हणजे काय?

साधं रिग्रेशन असं लिहितात:

अंतिम गुण = a + b × सुरुवातीचे गुण + c × शैली + e

इथे a म्हणजे इंटरसेप्ट, रेषा जिथून सुरू होते ती पातळी. c म्हणजे शैलीमुळे पडणारा फरक, आपल्याला हवा तो आकडा. आणि e म्हणजे त्या मुलाचं उरलंसुरलं: त्याचा अभ्यास, त्या दिवशीचा ताप, नशीब, सगळं त्यात आलं.

या सूत्रात सगळ्या वर्गांची सुरुवातीची पातळी एकच आहे. रँडम इंटरसेप्ट घातलं की सूत्रात एक पद वाढतं:

अंतिम गुण = a + b × सुरुवातीचे गुण + c × शैली + u + e

हा u प्रत्येक वर्गाचा एकच असतो, त्या वर्गातल्या सगळ्या मुलांना समान. एखाद्या वर्गाचा u अधिक तीन असेल तर तो वर्ग सर्वसाधारण पातळीच्या तीन गुणांनी वर सुरू होतो, उणे दोन असेल तर दोन गुणांनी खाली. आलेखावर काढलं तर प्रत्येक वर्गाची स्वतःची रेषा मिळते. सगळ्या रेषा समांतर, फक्त कमीजास्त उंचीवर.

'रँडम' या शब्दाचा अर्थ इथे 'कसाही' असा नाही. आपल्याला या विशिष्ट ४० वर्गांत रस नसून असे जे असंख्य वर्ग असतात त्यांच्यात रस आहे. हे ४० त्यांतला नमुना आहेत. म्हणून प्रत्येक वर्गाचा u स्वतंत्रपणे ठरवण्याऐवजी आपण म्हणतो, की u ची सरासरी शून्य आहे आणि तो वर्गावर्गांत किती पसरलेला आहे ते आपण शोधू. त्या पसरटपणाला वर्गांमधलं प्रचरण म्हणू, आणि e च्या पसरटपणाला वर्गाच्या आतलं प्रचरण.

एक उदाहरण पूर्ण सोडवून बघू

समजण्यासाठी मी सोपे आकडे घेतलेत, ते काल्पनिक आहेत. समजा ४० वर्ग आहेत, प्रत्येकात २५ मुलं, म्हणजे एकूण १,००० मुलं. २० वर्गांत नवी पद्धत, २० वर्गांत नेहमीची. सुरुवातीच्या गुणांचा हिशोब बाजूला काढल्यावर नव्या पद्धतीची मुलं सरासरी ३ गुणांनी पुढे निघाली. वर्गांमधलं प्रचरण आलं ४० आणि वर्गाच्या आतलं १६०. एकूण २००.

पहिला उपयोग इथेच दिसतो. ४० भागिले २०० म्हणजे ०.२०. मुलांमुलांत जो फरक आहे त्यातला वीस टक्के फरक ते कोणत्या वर्गात आहेत याच्याशी जोडलेला आहे, बाकी ऐंशी टक्के एकाच वर्गातल्या मुलांमुलांतला आहे. या प्रमाणाला आंतरवर्ग सहसंबंध म्हणतात. तो शून्य असता तर वर्गाची काळजी करायचं कारणच नव्हतं.

आता ३ गुणांचा फरक किती भरवशाचा? आधी वर्ग विसरून हिशोब करू. प्रत्येक बाजूला ५०० मुलं.

२००/५०० + २००/५०० = ०.८, आणि त्याचं वर्गमूळ ०.८९

ही झाली प्रमाण त्रुटी, म्हणजे आपला ३ हा आकडा साधारण किती इकडेतिकडे होऊ शकतो त्याचं माप. ३ ला ०.८९ ने भागलं की ३.३५ येतात. दोनच्या वर गेलं की सामान्यतः 'लक्षणीय' म्हणतात. म्हणजे जोरदार निष्कर्ष!

आता वर्ग धरून हिशोब करू. पद्धत वर्गाला लागू होते, मुलामुलाला नाही. म्हणून वर्गाची सरासरी किती हलते ते बघायला हवं. एका वर्गाच्या सरासरीचं प्रचरण म्हणजे वर्गाचा स्वतःचा ४०, अधिक मुलांमुळे येणारा १६०/२५ म्हणजे ६.४. एकूण ४६.४. प्रत्येक बाजूला २० वर्ग.

४६.४/२० + ४६.४/२० = ४.६४, आणि त्याचं वर्गमूळ २.१५

३ ला २.१५ ने भागलं की १.३९. लक्षणीय नाही! खरा फरक उणे १.४ पासून अधिक ७.४ पर्यंत कुठेही असू शकतो, एवढंच ही माहिती सांगते.

लक्ष द्या, ३ हा आकडा बदलला नाही. बदलला तो त्याच्याभोवतीचा खात्रीचा पट्टा, तो जवळजवळ अडीचपट रुंद झाला. याचं एक सोपं सूत्र आहे: १ + (२५ − १) × ०.२० = ५.८. याचा अर्थ, या प्रश्नापुरती आपली १,००० मुलं ही १,००० भागिले ५.८, म्हणजे साधारण १७२ स्वतंत्र मुलांइतकीच माहिती देतात.

आणि 'लक्षणीय नाही' म्हणजे 'पद्धत निरुपयोगी आहे' असंही नाही हं! पद्धत कदाचित सात गुणांनीही उपयोगी असेल. एवढ्या वर्गांवरून सांगता येत नाही, इतकंच.

याच हिशोबातून एक व्यवहाराची गोष्ट कळते. समजा अभ्यास वाढवायचा आहे. प्रत्येक वर्गात २५ ऐवजी ५० मुलं तपासली, तर प्रमाण त्रुटी २.१५ वरून जेमतेम २.०८ वर येते. पण मुलं २५ च ठेवून वर्ग ४० चे ८० केले, तर ती १.५२ होते. मुलं दोन्हीकडे २,००० च. म्हणून जास्त मुलं मिळवण्यापेक्षा जास्त वर्ग मिळवण्याच्या मागे लागावं.

सरळ वर्गांच्या सरासऱ्याच का घेऊ नयेत?

हा प्रश्न हमखास येतो, आणि तो रास्त आहे. वरच्या उदाहरणात सगळे वर्ग सारख्या पटाचे आहेत, त्यामुळे ४० सरासऱ्यांची तुलना केली तरी जवळपास हेच उत्तर येईल. पण प्रत्यक्षात एक वर्ग ५२ मुलांचा, दुसरा ९ मुलांचा असतो. सरासऱ्या घेतल्या की दोन्हींचं वजन सारखं होतं. शिवाय सुरुवातीचे गुण, मुलाचं वय, गैरहजेरी ही मुलामुलाची माहिती सरासरीत विरघळून जाते.

दुसरा पर्याय म्हणजे प्रत्येक वर्गाला सूत्रात स्वतःचा वेगळा ठरावीक आकडा द्यायचा. एकाच वर्गातल्या मुलांची आपसात तुलना करायची असेल, तर हा चांगला मार्ग आहे. पण आपल्या प्रश्नाला तो चालत नाही. एका वर्गात शैली एकच असते. वर्गाचा सगळा वेगळेपणा त्या ठरावीक आकड्याने शोषून घेतला, की शैलीसाठी काही शिल्लकच राहत नाही. रँडम इंटरसेप्ट मधला मार्ग काढतं. वर्गांना वेगळं असू देतं, आणि तरीही शैलीचा प्रश्न विचारू देतं.

लहान पटाच्या वर्गाला न्याय

रँडम इंटरसेप्टचा आणखी एक उपयोग आहे, आणि कमी पटाच्या शाळेत शिकवणाऱ्यांनी तो जरूर समजून घ्यावा.

समजा दोन वर्गांची सरासरी अपेक्षेपेक्षा १२ गुणांनी कमी आली. एका वर्गात २५ मुलं आहेत, दुसऱ्यात ४. दोन्ही वर्ग सारखेच मागे आहेत असं म्हणायचं का? चार मुलांच्या वर्गात एकाला ताप आला आणि एक नुकतंच दुसऱ्या गावाहून आलं, तरी सरासरी धाडकन खाली येते. २५ मुलांत असे प्रसंग एकमेकांना भरून काढतात.

बहुस्तरीय रिग्रेशन वर्गाचा u काढताना त्याच्या सरासरीवर किती विश्वास ठेवायचा ते ठरवतं. विश्वासाचं माप असं: वर्गांमधलं प्रचरण, भागिले वर्गाच्या सरासरीचं एकूण प्रचरण.

२५ मुलांचा वर्ग: ४० / (४० + १६०/२५) = ४० / ४६.४ = ०.८६
४ मुलांचा वर्ग: ४० / (४० + १६०/४) = ४० / ८० = ०.५०

म्हणून मोठ्या वर्गाचा अंदाज उणे १२ चा उणे १०.३ होतो, आणि लहान वर्गाचा उणे १२ चा उणे ६. पुरावा जितका कमी, तितका अंदाज सर्वसाधारण पातळीकडे ओढला जातो. याला आकुंचन म्हणतात. नुसत्या सरासरीवर शाळांची क्रमवारी लावली की यादीच्या अगदी वर आणि अगदी खाली लहान शाळांची गर्दी होते, ती बऱ्याचदा याच कारणाने. पण हेही लक्षात ठेवा, की एखादा लहान वर्ग खरोखरच उत्तम असेल तर आकुंचन त्यालाही खाली ओढतं.

संगणकावर कसं करतात आणि कुठे चुकतं

आर ही मोफत प्रणाली वापरत असाल तर एवढंच पुरतं:

```r
library(lme4)
m0 <- lmer(post ~ 1 + (1 | class), data = d)
m1 <- lmer(post ~ pre + style + (1 | class), data = d)
summary(m1)
ranef(m1)
```

`(1 | class)` म्हणजेच रँडम इंटरसेप्ट. `m0` मध्ये फक्त प्रचरणाची वाटणी कळते, `m1` मध्ये शैलीचा फरक मिळतो, आणि `ranef` प्रत्येक वर्गाचा आकुंचित u दाखवतं.

सगळ्यात जास्त घडणारी चूक नावांची असते. प्रत्येक शाळेत 'पाचवी अ' असते. रकान्यात नुसतं तेवढंच लिहिलं, तर संगणक दहा शाळांच्या 'पाचवी अ' एकच वर्ग समजतो. तो काही तक्रारही करत नाही, उत्तर देऊन मोकळा होतो. म्हणून `summary` मध्ये `groups` च्या पुढे वर्गांची जी संख्या छापून येते, ती आपल्या खऱ्या वर्गांइतकी आहे का, ते आधी बघा. ४० च्या जागी ४ दिसले तर नावं दुरुस्त करा, शाळेचा क्रमांक जोडून प्रत्येक वर्गाला वेगळी ओळख द्या.

दुसरी अडचण वर्ग फार कमी असले की येते. पाचसहा वर्गांवरून वर्गावर्गांतला पसरटपणा नीट मोजताच येत नाही. कधीकधी तो सरळ शून्य येतो आणि पडद्यावर `boundary (singular) fit` असा संदेश दिसतो. शून्य आलं म्हणजे वर्ग सारखेच आहेत असा अर्थ लगेच काढू नका. बहुतेक वेळा त्याचा अर्थ 'सांगण्याइतके वर्ग नाहीत' एवढाच असतो.

याने काय होत नाही

रँडम इंटरसेप्ट खात्रीचा पट्टा योग्य रुंदीचा करतं. पण तुलनाच तिरकी असेल तर ती सरळ करत नाही. समजा नवी पद्धत वापरणारे शिक्षक मुळातच जास्त अनुभवी होते. मग आलेल्या ३ गुणांत अनुभवाचा वाटा किती आणि पद्धतीचा किती, हे u घालून वेगळं होत नाही, कारण ही पद्धत u चा आणि शैलीचा संबंध नाही असं गृहीतच धरते. त्यासाठी कोणत्या वर्गाला कोणती पद्धत हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं लागतं, किंवा निदान अनुभवाची नोंद करून ती सूत्रात घ्यावी लागते.

सुरुवातीच्या गुणांचंही तसंच. हुशार मुलांनी भरलेल्या वर्गात बसण्याचा फायदा वेगळा आणि स्वतः हुशार असण्याचा वेगळा. वर्गाचे सुरुवातीचे सरासरी गुण हा एक जास्तीचा रकाना करून सूत्रात घातला तर हे दोन्ही वेगळे होतात. तो रकाना घातल्यावर शैलीचा आकडा बराच बदलला, तर समजावं की आधीच्या आकड्यात वर्गाच्या जडणघडणीचा वाटा मिसळलेला होता.

आणि शेवटचं, आपल्या रेषा समांतर आहेत. म्हणजे नवी पद्धत मागे पडलेल्या मुलाला आणि पुढे असलेल्या मुलाला सारखीच मदत करते असं आपण धरलंय. हे खरं असेलच असं नाही. रेषांचा उतारही वर्गागणिक बदलू द्यायचा असेल तर ती पुढची पायरी, तिच्याबद्दल वेगळ्या पाठात बोलू.

तोवर पुढच्या वेळी "हजार मुलांवर सिद्ध झालंय" असं कुणी म्हणालं, तर तीन गोष्टी विचारा: मुलं किती वर्गांतली होती? हिशोबात वर्ग धरला होता का? आणि कोणत्या वर्गाला कोणती पद्धत, हे कुणी आणि कसं ठरवलं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'चार वर्ग' असं आलं, तर हजार हा आकडा विसरून जा आणि चारच पुरावे आहेत असं समजून पुढचं ऐका.